'फोटोग्राफर' या शब्दातले दोन ओ: इंग्रजीतला श्वा ओळखायचा आणि उच्चारायचा कसा

इंग्रजीत 'फोटोग्राफ' आणि 'फोटोग्राफर' यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या दोन अक्षरांचा काय तो फरक. उच्चारात मात्र या दोन शब्दांचे सूर एकमेकांपासून फार लांब जातात. 'फोटोग्राफ'मधला पहिला ओ ठसठशीत ऐकू येतो आणि दुसरा पुसटतो. 'फोटोग्राफर'मध्ये नेमकं उलट होतं: पहिला ओ पुसटतो, दुसरा उठून दिसतो आणि 'ग्राफ'मधला आकारही विरघळून जातो. लिहिलेलं अक्षर तेच राहतं, पण एका शब्दात त्याला पूर्ण स्वर मिळतो आणि दुसऱ्यात जेमतेम हवेची झुळूक. ती झुळूक म्हणजे श्वा. हे नाव हिब्रू लिपीतल्या एका खुणेवरून आलं आहे आणि शब्दकोशात त्याचं चिन्ह उलट्या ई-सारखं दिसतं: ə.

या लेखात हेच चिन्ह देवनागरीत मिसळून वापरलं आहे, कारण नुसतं 'ब' किंवा 'बा' लिहून काम भागत नाही. आघात म्हणजे शब्दातल्या एखाद्या भागावर पडणारा जोर. जिथे ə आहे तिथे श्वा. शब्द तोडताना रेघांच्या मधे जो एकेक तुकडा येतो त्याला सिलॅबल म्हणू: एक स्वर आणि त्याला चिकटलेली व्यंजनं. या पद्धतीने वरचे दोन शब्द असे दिसतात:

फो-टə-ग्राफ
फə-टॉ-ग्रə-फəर

शेवटचा र अमेरिकी उच्चारात श्वामध्येच मुरलेला असतो आणि दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात पुढे स्वर आल्याशिवाय ऐकूच येत नाही. मराठी माणसाने तो हलका उच्चारला तर काहीही बिघडत नाही.

आवाज ओळखीचा, वापर अनोळखी

श्वा शिकण्यासाठी जिभेला नवी कसरत करावी लागत नाही. 'घर' म्हणताना घ-मध्ये जो अ लागतो तो श्वाच्या अगदी जवळचा आहे. जबडा जरासाच उघडा, जीभ तोंडाच्या मधोमध सैल पडलेली, ओठ ना गोल ना ताणलेले. तोच अ आणखी आखूड करा, त्यातला जोर काढून घ्या, की श्वा झाला. शब्दाच्या पोटातला श्वा बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. इतक्या थोड्या वेळात त्याला स्वतःचा रंग धरायला सवड मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या व्यंजनांचा रंग घेतो आणि थोडा इकडे किंवा तिकडे झुकतो. शब्दाच्या अगदी शेवटी आलेला श्वा त्यामानाने लांब आणि किंचित उघडा असतो.

मग अडतं कुठे? मराठीच्या दोन सवयी इथे आड येतात आणि त्या नीट समजल्या की निम्मं काम होतं.

पहिली सवय अशी की मराठीत अ हा मानाचा स्वर आहे. 'घर', 'मन', 'जड' या शब्दांचा सगळा भार त्याच्यावरच असतो. इंग्रजीत श्वावर आघात येत नाही; आघात गेला म्हणूनच तो स्वर श्वा झालेला असतो. त्यामुळे आपण योग्य ठिकाणी अ म्हटला तरी त्याला मराठीइतकं वजन दिलं तर तो श्वासारखा ऐकू येत नाही.

दुसरी सवय जास्त फसवी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ लिहिला तरी उच्चारत नाहीत: 'घर' म्हणजे खरं तर घर्. इंग्रजीत मात्र कितीतरी शब्द श्वानेच संपतात. असा शब्द मराठीत आला की शेवटी अ लिहून चालत नाही, कारण तो वाचताना गळून पडेल. म्हणून आपण तिथे आ लिहिला आणि मग तसाच बोलायला लागलो. 'कॅमेरा', 'सोफा', 'सिनेमा' ही त्याची उदाहरणं. इंग्रजीत ते कॅ-मə-रə, सो-फə, सि-नə-मə असे आहेत. मराठी बोलताना 'कॅमेरा' हाच शब्द बरोबर. इंग्रजी बोलताना मात्र तोच शब्द नवा समजून पुन्हा शिकावा लागतो आणि ओळखीचे शब्दच इथे सगळ्यात जास्त दगा देतात.

स्पेलिंगचा आधार घ्यावा तर तोही लटका. श्वासाठी इंग्रजीत स्वतःचं अक्षरच नाही, त्यामुळे तो कोणत्याही स्वराच्या वेषात येतो. 'अबाउट'मध्ये तो ए या अक्षरामागे लपतो, 'प्रॉब्लेम'मध्ये ई-मागे (प्रॉब-लəम), 'फॅमिली'त आय-मागे (फॅ-मə-ली), 'प्रोफेसर'मध्ये ओ-मागे (प्रə-फे-सəर), 'सर्कस'मध्ये यू-मागे आणि 'सिस्टिम'मध्ये तर वाय-मागे (सिस-टəम). म्हणून 'या अक्षराचा श्वा होतो का?' हा प्रश्न चुकीचा आहे. 'या सिलॅबलवर जोर आहे का?' असं विचारायचं.

पहिली पायरी: आघात शोधा, श्वा नको

ऑनलाइन शब्दकोशात शब्दाखाली तिरप्या रेघांमध्ये उच्चार दिलेला असतो. 'फोटोग्राफर'चा ब्रिटिश उच्चार असा दिसेल:

```
/fəˈtɒɡrəfə/
```

यात आधी एकच गोष्ट पाहा: वर काढलेली छोटी उभी रेघ, ˈ. ती ज्या सिलॅबलच्या आधी असते त्यावर मुख्य आघात असतो. पुष्कळ लोक ती रेघ आधीच्या सिलॅबलची समजतात आणि आघात एक घर मागे नेतात. इथे रेघ t-च्या आधी आहे, म्हणजे जोर 'टॉ'वर. ते पक्कं झालं की मगच उरलेले ə मोजा: तीन.

लांब शब्दांत खालच्या बाजूलाही एक रेघ दिसते, ˌ. तो दुय्यम आघात. तिथला स्वर पूर्णच राहतो, त्याचा श्वा करायचा नाही.

शब्दकोश कोणता उघडला आहे हेही पाहावं लागतं. केंब्रिज, ऑक्सफर्ड यांसारखे कोश 'कप' या शब्दातल्या जोरकस स्वरासाठी ʌ हे वेगळं चिन्ह देतात. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी कोश मात्र तिथेही ə-च वापरतो. त्या कोशात 'बट' या शब्दाच्या जोरकस उच्चारात ə दिसला, म्हणून तो पुसट म्हणायचा नसतो. तिथे आघाताची रेघ पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

दुसरी पायरी: आघातापासून शब्द बांधत न्या

शब्द सुरुवातीपासून म्हणायला घेतला की जीभ जुन्या वाटेने जाते: फो-टो-ग्रा-फर, चारही तुकडे सारख्या वजनाचे. म्हणून सुरुवात मधून करायची.

आधी नुसतं टॉ म्हणा. लांब, स्पष्ट, आवाज थोडा वर नेऊन. बोटाने टेबलावर एक टिचकी मारा. मग त्याच दमात पुढचा तुकडा जोडा: टॉ-ग्रə. टिचकी एकच, 'टॉ'वर. मग टॉ-ग्रə-फəर. शेवटचे दोन तुकडे एखादा चेंडू टप्पा खाऊन पुढे घरंगळावा तसे यायला हवेत. हे पाच-सहा वेळा जमलं की मगच पुढून फə जोडा. हा फə म्हणजे टॉ-वर उडी मारण्याआधीची तयारी, त्यावर थांबायचं नाही: फə-टॉ-ग्रə-फəर.

इथे तीन चुका होतात. पहिली, सगळाच शब्द घाईत उरकणं. श्वा म्हणजे वेग नाही. आघाताचा तुकडा भरपूर लांबवला नाही तर बाकीचे आखूड वाटायला जागाच राहत नाही. बोलणं भरभर होत असेल पण कळत नसेल, तर जवळजवळ नेहमी 'टॉ'च पुरेसा लांब नसतो. दुसरी चूक म्हणजे श्वा पूर्ण गिळून 'फ्टॉग्रफर' असं जोडाक्षर करणं. इंग्रजी कानाला ते अनोळखी वाटतं. तिसरी, पहिला फə हळूच 'फो'कडे सरकणं. ओठ गोल होत आहेत का ते आरशात पाहिलं की ही लगेच पकडता येते. फə म्हणताना खालचा ओठ दातांना टेकतो आणि सुटतो, गोल व्हायचं कारणच नाही.

प्रत्यय बदलला की श्वा जागा बदलतो

याच शब्दाची आणखी दोन भावंडं घेऊ.

फə-टॉ-ग्रə-फी
फो-टə-ग्रॅ-फिक

'फोटोग्राफी'त आघात 'टॉ'वर आहे, 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर सरकला. 'इक' हा प्रत्यय लागला की आघात बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर येतो. 'शन' आणि 'इटी' यांचंही तसंच. उलट 'नेस', 'मेंट', 'ली' हे प्रत्यय आघात हलवत नाहीत. मूळ शब्द जसा म्हणता तसाच म्हणून पुढे तेवढं शेपूट लावायचं.

हा नियम कामाचा आहे, कारण तो प्रत्येक शब्द कोशात पाहण्याचा त्रास वाचवतो. आघात कुठे गेला हे प्रत्ययावरून ओळखलं की मागे राहिलेले स्वर कुठे पुसटणार याचा अंदाज येतो. अंदाजच म्हणायला हवं, कारण आघात नाही म्हणजे श्वा आलाच, असं मात्र नाही. 'फोटोग्राफ'मधला शेवटचा 'ग्राफ' पाहा: मुख्य जोर 'फो'वर असूनही त्याचा आकार शाबूत आहे. 'फोटोग्राफिक'चा शेवट ऱ्हस्व इ-वर टिकून आहे आणि 'फोटोग्राफी'चा शेवट ई-वर. बिनआघाताच्या जागी इंग्रजी मुख्यतः दोन पुसट स्वर वापरते, एक श्वा आणि दुसरा ऱ्हस्व इ. जिथे शब्दकोश ɪ दाखवतो तिथे ओढूनताणून श्वा घालू नका.

काही ठिकाणी श्वा इतका हलका होतो की नाहीसाच होतो. आघातानंतरचा श्वा, त्याच्यामागून र किंवा ल आणि मग पुन्हा एक पुसट स्वर, अशी रचना असली की हे घडतं. 'कॅमेरा' बोलता बोलता कॅम-रə होतो, 'फॅमिली' फॅम-ली होते. दोन्ही उच्चार चालतात. काही कोशांत असा ऐच्छिक श्वा लहान किंवा तिरपा छापलेला असतो.

आता पूर्ण वाक्य

श्वा शब्दांपुरता थांबला असता तर काम सोपं होतं. पण इंग्रजीतले छोटे, रोजचे जोडशब्द, म्हणजे ॲट, फॉर, ऑफ, टू, अँड, कॅन, वॉज, द, हे वाक्यात आल्यावर स्वतःचा स्वर सोडून श्वा धरतात. आपण शाळेत त्यांची फक्त पूर्ण रूपं शिकतो. म्हणून वाचलेलं वाक्य समजतं आणि तेच ऐकलं की शब्द हरवल्यासारखे वाटतात. बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी ही पायरी जास्त महत्त्वाची आहे.

'फोटोग्राफर तासभर स्टेशनवर होता' हे वाक्य इंग्रजीत घेऊ. शब्दशः वाचलं तर: द फोटोग्राफर वॉज ॲट द स्टेशन फॉर ॲन अवर. सहज बोलताना ते असं होतं:

दə फə-टॉ-ग्रə-फəर वəझ əट दə स्टे-शəन फəर əन आउ-əर

मोजून पाहा. चौदा सिलॅबल, त्यांपैकी फक्त तीन पूर्ण: टॉ, स्टे, आउ. उरलेले अकरा श्वा! शिवाय नीट पाहिलं तर हे तीन पूर्ण स्वर म्हणजेच वाक्याचा अर्थ: फोटोग्राफर, स्टेशन, तास. बाकी सगळं त्यांना बांधणारं सूत आहे.

सराव करताना तीनच टिचक्या मारा. पहिली अडचण 'टॉ' आणि 'स्टे' यांच्या मधे येते. तिथे ग्रə-फəर-वəझ-əट-दə असे पाच श्वा सलग आहेत आणि मराठी जीभ एवढा वेळ बिनजोराचा काढायला तयार नसते. ती 'वॉज'वर चौथी टिचकी मारतेच. म्हणून तेवढा तुकडा वेगळा काढा आणि मागून बांधत या: स्टे-शəन, दə-स्टे-शəन, əट-दə-स्टे-शəन, वəझ-əट-दə-स्टे-शəन. शेवटच्या रूपात पहिले तिन्ही तुकडे 'स्टे'च्या अंगावर टेकलेले असावेत, जणू तो एकच शब्द आहे. मग समोर फə-टॉ-ग्रə-फəर लावा.

दुसरी जागा 'फəर əन आउ-əर'. इथे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळतात: फə-रə-नाउ-əर असं काहीसं कानावर पडतं. 'अवर'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, पण उच्चार स्वरापासून सुरू होतो. म्हणून तिथे 'ॲन' येतं आणि त्याचा न पुढच्या स्वरावर जाऊन बसतो. 'द'चंही एक लक्षात ठेवा: पुढे व्यंजन असेल तर दə, पुढे स्वर असेल तर दि.

कुठे पुसटायचं नाही

हे छोटे शब्द नेहमीच पुसट म्हटले तरी चूक होते. वाक्याच्या शेवटी एकटा उरलेला शब्द पूर्ण रूप घेतो. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट' यात शेवटचा 'ॲट' स्पष्टच म्हणायचा, əट नाही. विरोध दाखवायचा असेल तेव्हाही: 'तो तिथे नव्हता' असं कुणी म्हटल्यावर 'ही वॉज' असं ठासून सांगायचं. 'दॅट'ची दोन रूपं आहेत. 'की' या अर्थाने आला तर दəट, 'तो, ती, ते' असं बोट दाखवायला आला तर नेहमी पूर्ण दॅट.

यातली सगळ्यात महागात पडणारी जागा म्हणजे 'कॅन'. 'मी येऊ शकतो' म्हणताना रूप आहे आय कəन कम, जोर 'कम'वर. 'मी येऊ शकत नाही' म्हणताना जोर दोन ठिकाणी येतो: आय कान्ट कम, आणि अमेरिकेत आय कॅन्ट कम. अमेरिकी बोलण्यात तो शेवटचा ट बऱ्याचदा तोंडातच अडतो आणि ऐकूच येत नाही. ऐकणारा त्या ट-वर विसंबून राहतच नाही. स्वर पुसट आला तर होकार, ठसठशीत आला तर नकार, असं तो ओळखतो. आपण 'आय कॅन कम' असं जोर देऊन म्हटलं तर त्याला 'येऊ शकत नाही' असं ऐकू येऊ शकतं. फोनवर वेळ ठरवताना होणारे घोळ पुष्कळदा इथूनच सुरू होतात. शंका असेल तर 'यस, आय कəन कम' असं म्हणावं.

जमलं की नाही हे कसं कळेल

वरचं वाक्य फोनवर रेकॉर्ड करा आणि आवाजाची लहर दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडा. संगणकावर Praat हा मोफत प्रोग्रॅम याच कामासाठी उत्तम आहे; तो ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवला. लहरीत तीन रुंद फुगवटे आणि त्यांच्या मधे दाटीवाटीने अरुंद उंचवटे दिसले तर वजन बरोबर पडलं आहे. एकामागोमाग एक, सारख्याच रुंदीचे चौदा फुगवटे दिसले तर प्रत्येक सिलॅबलला मराठीसारखा समान मान मिळाला आहे. उंचीकडे फार पाहू नका. माइक जवळ-लांब झाला की ती बदलते. रुंदी, म्हणजे स्वर किती वेळ टिकला, ती फसवत नाही.

यंत्राशिवायची चाचणी कानाने करायची. इंग्रजीत 'स्पोर्ट' आणि 'सपोर्ट' यांच्यातला फरक एका श्वाचा आहे: स्पोर्ट आणि सə-पोर्ट. एका कागदावर हे दोन शब्द उलटसुलट क्रमाने दहा वेळा लिहा, समोरच्याला न दाखवता वाचा आणि त्याला काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. 'सपोर्ट'च्या जागी 'स्पोर्ट' लिहिलं गेलं तर श्वा गिळला जातो आहे. 'स्पोर्ट'च्या जागी 'सपोर्ट' आलं तर नको तिथे श्वा घुसतो आहे. 'फिल्म'चं 'फिलम' करणारी सवय ती हीच. दहाच्या दहा बरोबर आले, पण 'सपोर्ट' ऐकताना 'स' फार वेळ रेंगाळतो असं तो म्हणाला, तर श्वा जागेवर आहे, वजन मात्र अजून काढायचं राहिलं आहे. मग पुन्हा पोर्टपासून सुरुवात करून सə मागून जोडायचा.